‘ॲज इफ’पुढचा भूतकाळ

स्पर्धा परीक्षांच्या तयारीत इंग्रजी व्याकरणाचा एक नियम पाठ करून घेतात: ‘ॲज इफ’ किंवा ‘ॲज दो’ दिसलं की पुढे ‘वेअर’. ‘चूक ओळखा’च्या प्रश्नात त्यावर गुण मिळतातही. पण हा नियम अर्धाच आहे.

आभाळ भरून आलंय आणि आपण म्हणतो, ‘इट लुक्स ॲज इफ इट इज गोइंग टू रेन.’ पाऊस खरोखरच येईल असं बोलणाऱ्याला वाटतंय, म्हणून वर्तमानकाळच योग्य. इथे ‘वेअर’ घातलं, तर पाऊस काही येणार नाही असा उलटा सूर लागतो. म्हणून वाक्य तपासताना पहिला प्रश्न बोलणाऱ्याच्या समजुतीचा: ही गोष्ट त्याला शक्य वाटते की खोटी?

खोटी वाटत असेल तर क्रियापद एक पायरी मागे जातं. कार्यालयातला एखादा कारकून मालकाच्या थाटात वावरतो: ‘ही बिहेव्ज ॲज इफ ही वेअर द ओनर.’ गोष्ट आजचीच आहे. रूप भूतकाळी आहे ते ‘हा मालक नाही’ हे सांगायला. मराठीत आपण ‘मालक असल्यासारखा वागतो’ म्हणून मोकळे होतो. त्या रूपात काळ दिसतच नाही, म्हणून इंग्रजी लिहिताना हात सहज ‘इज’कडे जातो.

आता तोच प्रसंग कालचा करू. ‘बिहेव्ज’चं ‘बिहेव्ड’ झालं, पुढचं काय? पुष्कळ जण इथे आणखी एक पायरी मागे जाऊन ‘हॅड बीन द ओनर’ लिहितात आणि अर्थ बदलतो: जणू तो पूर्वी कधीतरी मालक होता. वागणं आणि मालकी एकाच वेळची असेल, तर मुख्य क्रियापद भूतकाळात गेलं तरी ‘वेअर’ जागचं हलत नाही. कल्पना वागण्याच्याही आधीची असेल तेव्हाच ‘हॅड’ हवं. भूत पाहून आल्यासारखी ती पांढरीफटक दिसते, तेव्हा पाहणं आधीचं, दिसणं नंतरचं. म्हणून ‘शी लुक्स ॲज इफ शी हॅड सीन अ घोस्ट.’ तेव्हा दुसरा प्रश्न एवढाच: त्याच वेळी, की त्याआधी?

मुख्य क्रियापद भूतकाळी असलं की एक अडचण उरते. ‘ही लुक्ड ॲज इफ ही वॉज टायर्ड’ या वाक्यातला माणूस खरंच दमलेला असू शकतो किंवा नसूही शकतो. ते रूपावरून कळत नाही, मागचापुढचा मजकूर पाहावा लागतो.

शिवाय इंग्रजी मातृभाषा असलेले लोक बोलताना खोट्या गोष्टीलाही सर्रास वर्तमानकाळ वापरतात आणि ‘ही’बरोबर ‘वॉज’ म्हणतात. बोलण्यात ती चूक धरू नये. परीक्षेच्या उत्तरात आणि औपचारिक पत्रात मात्र ‘वेअर’च ठेवावं.