काळी चारची दोन नावे

पाश्चात्य संगीताच्या थिअरीची उजळणी-पत्रके बहुधा एकाच क्रमाने छापलेली असतात: आधी स्केल, मग दोन स्वरांमधील अंतर म्हणजे इंटरव्हल, मग कॉर्ड, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी कानाचे व लेखनाचे छोटे स्वाध्याय. मुंबई, पुणे आणि गोव्यातले विद्यार्थी लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या किंवा एबीआरएसएमच्या परीक्षांसाठी अशी पत्रके वापरतात. या पत्रकांत तीन वेगवेगळे विषय दिसत असले, तरी ते एकाच तत्त्वावर उभे आहेत. ए हार्मोनिक मायनर या एका स्केलचे पान नीट सोडवले की ते तत्त्व हाती लागते.

या स्केलचे स्वर असे: ए, बी, सी, डी, ई, एफ, जी शार्प आणि पुन्हा ए. पेटीवर पांढरी सहाला षड्ज धरला तर कोमल गंधार, कोमल धैवत आणि शुद्ध निषाद लागतात, म्हणजे हे कीरवाणीचेच स्वर. त्यातला जी शार्प पेटीवर काळी चारला वाजतो. पेटीवाल्याला एवढी ओळख पुरते. स्टाफवर लिहिणाऱ्याला मात्र आणखी एक निर्णय घ्यावा लागतो, कारण त्याच पट्टीचे ए फ्लॅट असेही एक नाव आहे. पत्रकातल्या बऱ्याचशा चुका या निवडीत होतात.

नियम असा आहे की सात स्वरांच्या स्केलमध्ये प्रत्येक अक्षर एकदाच यायला हवे. जी शार्पऐवजी ए फ्लॅट लिहिला तर ए दोनदा येतो आणि जी गळतो. उत्तर तपासताना अक्षरे ओळीने वाचत गेले की ही चूक लगेच सापडते. दुसरी चूक की सिग्नेचरमुळे होते. ए मायनर आणि सी मेजर यांची की सिग्नेचर एकच, म्हणजे शार्प-फ्लॅट नसलेली असते. त्यामुळे वाढवलेल्या जीची खूण प्रत्येक बारमध्ये नव्याने घालावी लागते, कारण स्वरापुढे घातलेली खूण त्या बारच्या रेषेपर्यंतच चालते. पहिल्या बारमध्ये शार्प लिहून दुसऱ्यात विसरणे हा या पानावरचा नेहमीचा घोटाळा.

आता इंटरव्हल. इंटरव्हलचे नाव दोन पायऱ्यांनी ठरते. आधी अक्षरे मोजायची, सुरुवातीचे अक्षर धरून: सी ते जी म्हणजे सी, डी, ई, एफ, जी, म्हणून पाचवा. सुरुवातीचे अक्षर न धरता मोजणारा विद्यार्थी सगळी उत्तरे एकाने कमी लिहितो. मग सेमीटोन मोजायचे, म्हणजे काळ्या-पांढऱ्या मिळून पट्ट्या. इथे मात्र सुरुवातीची पट्टी धरायची नाही. सी ते जी सात सेमीटोन, म्हणून परफेक्ट पाचवा. सी ते जी शार्प आठ, म्हणून ऑगमेंटेड पाचवा. आणि सी ते ए फ्लॅट? पट्ट्या त्याच, सेमीटोन तेच आठ, पण अक्षरे सहा झाली, म्हणून तो मायनर सहावा.

नुसत्या कानाला हे दोन्ही सारखेच लागतात. मग दोन नावे कशाला, असा प्रश्न पडणे रास्त आहे. त्याचे उत्तर पुढच्या स्वरात असते, आणि कानाचा सर्वांत उपयोगी स्वाध्यायही त्यातूनच निघतो. पेटीवर किंवा कीबोर्डवर पांढरी एक आणि तिच्या वरची काळी चार एकत्र दाबून ठेवावी. मग खालचा सी तसाच ठेवून वरचा स्वर एक पट्टी वर, एवर न्यावा. पुन्हा तीच जोडी दाबावी आणि आता वरचा स्वर एक पट्टी खाली, जीवर आणावा. पहिल्या वेळी तो स्वर वर ओढल्यासारखा वाटतो, दुसऱ्या वेळी खाली उतरल्यासारखा. शार्प सहसा वर जायला बघतो आणि फ्लॅट खाली. लिहिणारा नाव निवडतो तेव्हा ही दिशा तो वाचणाऱ्याला आधीच सांगून ठेवतो. मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोव्याच्या वादकांनी कागदावरचे स्वर वाचून जे काम केले, त्यात अशा लेखनाला मोल होते. व्हायोलिनवाल्याला जी शार्प दिसला की बोट पुढच्या एच्या तयारीत राहते.

याच स्केलमध्ये एफ ते जी शार्प हे अंतर येते. अक्षरे दोन, सेमीटोन तीन, म्हणून ऑगमेंटेड दुसरा. वाजवायला सोपा, गायला अवघड. युरोपीय गायनात ही उडी टाळण्यासाठी वर जाताना एफही शार्प करतात आणि खाली येताना दोन्ही स्वर मूळ जागी आणतात. हेच मेलोडिक मायनर, आणि पत्रकावर ते वेगळ्या ओळीत का दिले आहे याचे कारण एवढेच. कीरवाणी गाणाऱ्याला ती उडी टाळावीशी वाटत नाही, हा भाग निराळा.

कॉर्डसाठी नवा नियम लागत नाही. स्केलमधले एक अक्षर घ्यायचे, एक सोडायचे, असे तीन स्वर एकावर एक ठेवले की ट्रायड होतो. पहिल्या स्वरावर ए-सी-ई येतो, मायनर. पाचव्यावर ई-जी शार्प-बी येतो, मेजर. तिसऱ्यावर सी-ई-जी शार्प, म्हणजे वर पाहिलेला ऑगमेंटेड पाचवाच आत घेऊन बसलेला ऑगमेंटेड ट्रायड. जी मुळात का वाढवला, हेही इथे उलगडते. जी साधाच ठेवला तर पाचव्या स्वरावरचा ट्रायड मायनर होतो आणि त्यावरून एवर परतण्याची ओढ पुष्कळ कमी होते.

कानाने ट्रायड ओळखताना तळाचा आणि मधला स्वर मनातल्या मनात गुणगुणावा. ए-सी-ई वाजवून फक्त मधला सी शार्प केला की मायनरचा मेजर होतो. मग वरचा ईही एक पट्टी वर नेला की ऑगमेंटेड होतो. तो लिहिताना मात्र एफ नव्हे, ई शार्प लिहायचा, नाहीतर पाचव्याचा सहावा होतो.

लेखनाचा स्वाध्याय चार आवाजांचा असतो: पाचव्या कॉर्डवरून पहिल्यावर येणे. समजा खालून वर ई, बी, ई, जी शार्प असे स्वर दिले आहेत. सर्वांत वरच्या आवाजातला जी शार्प एवर जातो, त्याला दुसरी वाट नाही. तिसऱ्या आवाजातला ई दोन्ही कॉर्डमध्ये असल्याने जागचा हलत नाही. बी शेजारच्या सीवर चढतो आणि बेस ईवरून खालच्या एवर उतरतो. उत्तर आले ए, सी, ई, ए. बीही एवर उतरवला तर वरवर काही बिघडलेले दिसत नाही, पण सी कुठेच उरत नाही, आणि सीशिवाय कॉर्ड मेजर आहे की मायनर हे ऐकून सांगता येत नाही. म्हणून उत्तर लिहून झाल्यावर आधी तिसरा स्वर आहे का हे पाहावे, मग शार्पची खूण राहिली नाही ना ते.