सागाचं वर्णन, शब्दांची रांग

आलापल्लीच्या मुलाला इंग्रजीत झाडाचं वर्णन लिहायला सांगितलं, तर तिथल्या ‘वनवैभव’ जंगलातला साग त्याच्या डोळ्यांसमोर असतोच. अडतो तो विशेषणांच्या क्रमावर. मराठीत ‘जुनं मोठं सुंदर झाड’ म्हणा की ‘सुंदर मोठं जुनं झाड’, दोन्ही चालतं. इंग्रजीत मात्र ‘ॲन ओल्ड बिग ब्युटिफुल टीक ट्री’ कानाला खटकतं.

तिथे आधी आपलं मत, मग आकारमान, वय, रंग आणि शेवटी पदार्थ किंवा जात. म्हणून ‘अ ब्युटिफुल बिग ओल्ड टीक ट्री’. ‘सुंदर’ हे बघणाऱ्यावर अवलंबून, म्हणून ते नामापासून लांब. सागपण झाडाच्या अंगचंच, म्हणून ‘टीक’ नामाला चिकटून. क्रम बदलताना सुरुवातीचं ‘ॲन’ही ‘अ’ झालं, हे मुलांच्या नजरेतून हमखास सुटतं.

हा नियम बोलण्याच्या सवयीतून आलेला आहे, त्यामुळे अपवाद आहेत. ‘बिग बॅड वुल्फ’मध्ये आकार मताच्या आधी येतो. पण परीक्षेत वरचाच क्रम धरा. आणि ‘टीक’सारखा जातीचा शब्द सोडून एका नामाआधी तीनपेक्षा जास्त विशेषणं रचू नका. उरलेलं वर्णन ‘विथ’ लावून नामानंतर लिहा.