हळदीच्या दुधात मिरी पडते तेव्हा

‘चिमूटभर मिरपूड घातली की हळद वीसपट काम करते’ हे वाक्य आता घराघरांत पोहोचलं आहे. घसा धरला, अंग दुखलं, पाय मुरगळला की हळदीचं दूध करणं जुनंच. त्यात मिरी घालण्याचा आग्रह मात्र अलीकडे फार वाढला आहे. या आग्रहामागे खरोखरच एक प्रयोग आहे. तो नीट पाहिला, तर मिरी नेमकं काय करते हे समजतं आणि काहींनी ती का टाळावी, हेही.

हा प्रयोग बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी केला आणि तो १९९८ साली प्रसिद्ध झाला. हळदीला पिवळा रंग देणारं कर्क्युमिन हे द्रव्य त्यांनी काही निरोगी माणसांना २ ग्रॅम दिलं. रक्त तपासलं, तर ते जवळजवळ सापडतच नव्हतं. मग त्याच मात्रेसोबत मिरीतलं पायपरीन २० मिलिग्रॅम दिलं. आता पहिल्या तासाभरात कर्क्युमिन रक्तात दिसू लागलं आणि हिशेब केल्यावर त्याची उपलब्धता २००० टक्क्यांनी वाढल्याचं निघालं. ‘वीसपट’ आला तो इथून. मात्र ही वाढ जवळपास शून्यातून झालेली होती, आणि वाढलेलं प्रमाणही थोड्याच वेळात पुन्हा उतरलं.

कर्क्युमिन रक्तात टिकत का नाही? एक तर ते पाण्यात विरघळत नाही. शिवाय आतड्याच्या अस्तरात आणि यकृतात त्याला एक साखरेसारखा रेणू जोडला जातो, आणि असं बांधलेलं द्रव्य शरीर लगेच बाहेर टाकतं. परक्या पदार्थांचा निचरा करण्याची शरीराची ही नेहमीची रीत आहे. पायपरीन हे बांधण्याचं काम काही काळ मंदावतं. म्हणजे मिरी हळदीची ताकद वाढवत नाही, ती शरीराची निचऱ्याची यंत्रणा सुस्त करते. लेखातली पुढची सगळी काळजी या एका गोष्टीतून निघते.

आता हा हिशेब पेल्यावर आणून पाहू. सांगलीच्या बाजारातली असो वा गावच्या गिरणीतली, साध्या हळदीत कर्क्युमिन वजनाच्या सुमारे ३ टक्के असतं. वर्ध्याजवळच्या वायगावसारख्या काही हळदींमध्ये ते याहून जास्त भरतं. चहाचा अर्धा चमचा हळद म्हणजे साधारण दीड ग्रॅम, त्यात कर्क्युमिन जेमतेम ४५ मिलिग्रॅम. बंगळूरच्या प्रयोगातली २ ग्रॅमची मात्रा गाठायची, तर पासष्ट-सत्तर ग्रॅम हळद एका वेळी प्यावी लागेल. मिरीचंही तसंच. तिच्यात पायपरीन सुमारे ५ टक्के; २० मिलिग्रॅमसाठी सातआठ मिरे कुटावे लागतील. चिमटीत येतात ते दोन-तीन मिऱ्यांइतके.

त्यात आच लागली की कर्क्युमिन घटतंही. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने हळद शिजवून पाहिली तेव्हा २७ ते ५३ टक्के कर्क्युमिन नष्ट झालं, आणि सर्वांत जास्त घट दहा मिनिटांच्या प्रेशर कुकरमध्ये झाली. म्हणून दूध खळखळा आटवत बसण्यात काही लाभ नाही. दूध तापत आलं की हळद घालावी, एक उकळी आली की उतरवावं. दूध सायीचं असावं किंवा वर थोडं तूप सोडावं, कारण कर्क्युमिन आणि पायपरीन दोन्ही स्निग्धांशात विरघळतात. मिरी ताजी कुटून शेवटी घातली तर तिचा वासही टिकतो. असा पेला घशाला ऊब देतो, पोटाला आधार देतो, आणि ते पुरेसं आहे. सांधेदुखीवर कर्क्युमिनचा उपयोग ज्या चाचण्यांत दिसला, त्यांत बहुतेक वेळा अर्क वापरलेले होते, दुधाचा पेला नव्हे.

पण पित्ताशयाची गोष्ट वेगळी आहे. तिथे थोडी मात्राही पुरते. इंडोनेशियातल्या संशोधकांनी १९९९ साली निरोगी माणसांना फक्त २० मिलिग्रॅम कर्क्युमिन देऊन सोनोग्राफीने पित्ताशय पाहिलं, तर दोन तासांत ते जवळजवळ ३० टक्क्यांनी आकसलं होतं. २० मिलिग्रॅम म्हणजे पाव चमच्यापेक्षाही थोड्या कमी हळदीतलं कर्क्युमिन. पित्ताशय रिकामं होणं निरोगी माणसाला चांगलंच. पण आत खडे असतील, तर तेच आकुंचन एखादा खडा नळीच्या तोंडाशी ढकलू शकतं. दुधातली सायही पित्ताशयाला आकसायला लावते, म्हणजे दोन्ही कारणं एकाच पेल्यात येतात. युरोपीय औषध संस्थेच्या हळदीवरच्या माहितीपत्रकात पित्तखडे, पित्तनलिकेतला अडथळा आणि यकृताचे आजार असलेल्यांनी हळदीची औषधं घेऊ नयेत असा स्पष्ट इशारा आहे. आमटी-भाजीतली चिमूटभर हळद बंद करावी लागत नाही. रोज रात्रीचा पेला आणि कॅप्सूल मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

खडा अडकल्याचं ओळखायचं कसं? उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या मध्यभागी कळ येते, ती अर्धा तास ते काही तास टिकते, कधी उजव्या खांद्यात किंवा पाठीत जाते. आपल्याकडे हिला सर्रास ‘ॲसिडिटी’ समजून वर थंड दूध दिलं जातं. कळेबरोबर ताप, पिवळे डोळे किंवा पांढुरकी शौच दिसली, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावं.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं गणित आणखी नाजूक आहे. समजा, साठीतल्या एका गृहस्थांना हृदयाची लय बिघडल्यामुळे वॉरफरीन किंवा असिनोकुमारोल सुरू आहे. त्यांची आयएनआर तपासणी होते. औषध नसलेल्या माणसात हा आकडा १ च्या आसपास, त्यांच्यासाठी २ ते ३ मध्ये ठेवायचा. त्यांनी गुडघ्यांसाठी मिरीच्या अर्कासह हळदीची कॅप्सूल सुरू केली. अशा एका कॅप्सूलमध्ये कर्क्युमिन अनेकदा ५०० मिलिग्रॅम असतं, म्हणजे दहा-अकरा पेल्यांएवढं. आता कर्क्युमिन रक्तातल्या बिंबिका चिकटण्याचं काम थोडं कमी करू शकतं, आणि पायपरीन औषधांचा निचरा मंदावू शकतं. गोळी तीच, पण परिणाम वाढतो. ही भीती कागदावरची नाही. न्यूझीलंडच्या औषध नियंत्रण संस्थेने २०१८ साली एका रुग्णाची नोंद दिली: वॉरफरीनवर स्थिर असलेल्या या व्यक्तीने हळदीचं उत्पादन सुरू केलं आणि काही आठवड्यांत आयएनआर १० च्या वर गेला. इतक्या आकड्यावर आतून रक्तस्राव होण्याचा धोका गंभीर असतो.

ॲपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन यांसारख्या नव्या गोळ्यांसाठी आयएनआर तपासत नाहीत, त्यामुळे परिणाम वाढल्याचं आकड्यावरून कळत नाही. त्यांचा निचराही पायपरीन अडवतं त्याच वाटांनी होतो. इथे लक्ष शरीराकडे द्यावं लागतं: दात घासताना हिरड्यांतून रक्त, कारण नसताना काळेनिळे डाग, नाकातून न थांबणारा रक्तस्राव, काळी चिकट शौच. काळी शौच दिसली किंवा रक्त थांबेना, तर लगेच दवाखाना गाठायचा. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

अशा माणसाला हळदीचं दूध हवंच असेल, तर पाव चमचा हळद, मिरी अजिबात नाही, आणि रोजचा नेम नाही. सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगायचं, वॉरफरीन असेल तर आठवड्याभरात आयएनआर तपासून घ्यायचा. शस्त्रक्रिया किंवा दात काढणं ठरलं असेल, तर हळदीच्या कॅप्सूल दोन आठवडे आधीच बंद कराव्यात असं सर्वसाधारणपणे सांगितलं जातं. औषधांची यादी देताना त्या कॅप्सूलही सांगाव्यात. दुकानातून चिठ्ठीविना आणलेल्या म्हणून त्या नेमक्या सांगायच्या राहतात.