चार युगे आणि धर्माचे चार पाय

हिंदू कालगणनेत कृत, त्रेता, द्वापर आणि कली ही चार युगे मिळून एक महायुग होते. युगांची लांबी चार, तीन, दोन, एक या प्रमाणात घटत जाते. कृतयुग १७,२८,००० वर्षांचे, तर कलियुग ४,३२,००० वर्षांचे. पारंपरिक गणितानुसार कलियुग इसवी सनपूर्व ३१०२ मध्ये सुरू झाले. म्हणजे त्याची जेमतेम पाच हजार वर्षे सरली आहेत आणि फार मोठा काळ अजून पुढे आहे. तो संपल्यावर पुन्हा कृतयुग येते.

लांबीबरोबर नीतीही घटते. मनुस्मृतीत धर्म कृतयुगात चार पायांवर उभा असतो आणि पुढच्या प्रत्येक युगात त्याचा एकेक पाय जातो. भागवताच्या पहिल्या स्कंधात हेच रूपक कथा होऊन येते. राजा परीक्षिताला वाटेत एका पायावर उभा असलेला पांढरा बैल आणि रडणारी गाय दिसते. राजवेष घातलेला एक माणूस त्यांना मारत असतो. बैल म्हणजे धर्म, गाय म्हणजे पृथ्वी आणि मारणारा कली. तप, शुचिता आणि दया हे बैलाचे तीन पाय गर्व, आसक्ती आणि मद यांनी मोडले आहेत. सत्याचा पाय तेवढा उरला आहे. परीक्षित तलवार उपसतो, पण कली शरण येताच त्याला जीवदान देतो आणि राहायला जागा नेमून देतो: जुगार, मद्यपान, व्यभिचार आणि हिंसा. कलीने आणखी मागितल्यावर सोनेही देतो. ही यादी मोलाची आहे. अधर्म इथे आकाशातून कोसळत नाही. तो माणसाच्या ठरावीक सवयींत आणि संपत्तीत वस्तीला असतो.

मग ऱ्हास अटळच आहे का? महाभारताच्या शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला वेगळेच सांगतात. राजाने दंडनीती पूर्णपणे राबवली की कृतयुग येते. तिचा चौथा भाग सुटला की त्रेता, निम्मा सुटला की द्वापर. ती साफ सोडून राजा प्रजेला छळू लागला की कली. युग राजाच्या कारभारावर ठरते, असा हा रोखठोक हिशेब आहे आणि तो राज्यकर्त्याला काळाच्या आड लपू देत नाही.

विष्णुपुराण सामान्य माणसाची बाजू घेते. कोणत्या काळात थोड्या धर्माचरणाचे मोठे फळ मिळते, हे विचारायला मुनी व्यासांकडे जातात, तेव्हा व्यास गंगेत स्नान करत असतात. पाण्यातून वर येताना ते कलियुगालाच धन्य म्हणतात. कृतयुगात दहा वर्षांनी मिळणारे फळ कलियुगात एका अहोरात्रीत मिळते आणि त्यासाठी केशवाचे कीर्तन पुरते, असे ते पुढे सांगतात. कलियुगात नाम हेच सुलभ साधन, ही वारकरी संतांची शिकवण याच विचाराशी जुळते.