रिकाम्या तक्त्यापुढे प्रश्न

समजा, समाजकार्याच्या एका विद्यार्थिनीने प्रबंधासाठी किशोरवयीन मुलींमधला रक्तक्षय हा विषय घेतला आहे. आराखडा साधा आहे: तालुक्यातल्या काही शाळा चिठ्ठ्या टाकून निवडायच्या, तिथल्या 12 ते 18 वर्षांच्या 400 मुलींचं हिमोग्लोबिन एकदाच तपासायचं आणि त्याच दिवशी प्रश्नावली भरून घ्यायची. तिचा पहिला प्रश्न असा: ‘आठवड्याच्या लोहाच्या गोळीमुळे रक्तक्षय कमी होतो का?’

प्रश्न मोलाचा आहे, पण या पाहणीतून त्याचं उत्तर मिळणार नाही. गोळी आणि हिमोग्लोबिन यांची माहिती एकाच दिवशी हाती येते, त्यामुळे आधी काय घडलं ते कळत नाही. फिकट दिसणाऱ्या मुलीला बाईंनी मुद्दाम गोळ्या घ्यायला लावल्या असतील, तर गोळ्या घेणाऱ्यांतच रक्तक्षय जास्त निघेल आणि गोळीच अपायकारक ठरेल! उलट, गोळ्या नेमाने घेणाऱ्या मुलींच्या घरचं जेवणच चांगलं असेल, तर श्रेय विनाकारण गोळीला जाईल.

अशा वेळी मी विद्यार्थ्यांना माहिती गोळा करण्याआधी उत्तराचा तक्ता रिकामा आखायला सांगते. इथे दोन ओळी आखायच्या: गेल्या चार आठवड्यांत किमान तीन गोळ्या घेतलेल्या मुली आणि त्याहून कमी घेतलेल्या. रकानेही दोनच: हिमोग्लोबिन 100 मिलीलिटरला 12 ग्रॅमपेक्षा कमी, आणि 12 किंवा जास्त. या चार चौकटींत ‘मुळे’ कुठेच बसत नाही. मग प्रश्न आपोआप बदलतो: ‘या दोन गटांत रक्तक्षय असलेल्या मुलींचं प्रमाण किती वेगळं आहे?’

‘तालुक्यातल्या मुलींमध्ये रक्तक्षय वाढतोय का?’ या दुसऱ्या प्रश्नाचा तक्ता आखताना वर्षाचा एकच रकाना भरता येतो. म्हणून ‘वाढतोय का’च्या जागी ‘किती आहे’ येतं. शिवाय ‘तालुक्यातल्या मुली’ऐवजी ‘शाळेत येणाऱ्या मुली’ असं लिहावं लागतं. शाळा सुटून शेतावर किंवा ऊसतोडीला गेलेल्या मुली या 400 मध्ये नाहीत, आणि त्यांची अवस्था कदाचित सर्वांत वाईट असेल. मला हा बदल सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

‘मुली गोळ्या का टाळतात?’ हा तिसरा प्रश्न जास्त फसवा आहे. प्रश्नावलीत मळमळ, चव, घरच्यांचा विरोध असे पर्याय छापले की कोणत्या पर्यायावर किती खुणा झाल्या एवढंच समजतं. न छापलेलं कारण निसटून जातं. इथे प्रश्न छोटा करू नये, आराखड्यात भर घालावी: आठ-दहा मुलींशी, शिक्षक समोर नसताना, निवांत बोलावं.

पहिला प्रश्न मूळ रूपातच हवा असेल, तर गोळी मिळणाऱ्या आणि न मिळणाऱ्या मुलींचे गट चिठ्ठीने पाडून त्याच मुली सहा महिन्यांनी पुन्हा तपासाव्या लागतील. पण सरकारी कार्यक्रमात मिळणारी गोळी प्रबंधासाठी कुणाला नाकारता येत नाही. निम्म्या शाळांत गोळीसोबत आठवण करून देण्याची जादा सोय करता येईल. तेव्हा मात्र प्रश्न गोळीच्या परिणामाचा न राहता त्या सोयीच्या परिणामाचा होतो, आणि तो पुन्हा नव्याने लिहावा लागतो.