गृहीतक की परिकल्पना?

एम.एड.च्या लघुप्रबंधाची तोंडी परीक्षा. बाहेरून आलेले परीक्षक पानं उलटता उलटता थांबतात. "पान ९ वर तुम्ही गृहीतके दिली आहेत. पान ११ वर परिकल्पना आहेत. आणि चौथ्या प्रकरणात लिहिलंय, 'सबब गृहीतकाचा त्याग करण्यात येतो.' ताई, जे तुम्ही गृहीतच धरलं होतं, त्याचा त्याग कसा केलात?" समोरच्या शिक्षिकेने वर्षभर शाळा सांभाळून काम केलेले असते, आकडेमोड चोख असते, पण या प्रश्नाला तिच्याजवळ उत्तर नसते. कारण चूक तिच्या संशोधनात नाही. तिने वापरलेल्या तीन संदर्भग्रंथांत एकाच गोष्टीला तीन नावे होती आणि तिन्ही तिच्या प्रबंधात येऊन बसली.

हा प्रसंग काल्पनिक असला, तरी शिक्षणशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र अशा विषयांत मराठीतून प्रबंध लिहिणाऱ्यांना तो परका वाटणार नाही. इंग्रजीत ज्याला हायपोथेसिस म्हणतात, त्याला मराठी पुस्तकांत परिकल्पना, गृहीतक, गृहीतकृत्य आणि अभ्युपगम असे निदान चार शब्द सापडतात. त्यातला 'गृहीतक' सगळ्यांत फसवा. शाळेच्या भूमितीत युक्लिडची गृहीतके शिकलेल्या प्रत्येकाच्या मनात त्याचा अर्थ पक्का असतो: सिद्धतेशिवाय मान्य केलेले विधान. संशोधनात असे विधान लागतेच. 'सातवीच्या विद्यार्थ्यांना अपूर्णांकांची तोंडओळख आधी झालेली आहे' हे गृहीत धरून शिक्षिका पुढे जाते, ते तपासत बसत नाही. परिकल्पना मात्र तपासण्यासाठीच मांडलेली असते. 'नव्या पद्धतीने शिकलेल्या आणि नेहमीच्या पद्धतीने शिकलेल्या मुलांच्या गुणांत फरक नाही' ही शून्य परिकल्पना. आकडे तिच्या विरोधात गेले, की तिचा त्याग करायचा. एक विधान पायाखालचे, दुसरे तराजूत घातलेले. दोघांना एकच शब्द लावला, की परीक्षकांचा प्रश्न ठरलेला.

शब्द मिळत नाहीत ही तक्रार तशी जुनी झाली. राज्याच्या भाषा संचालनालयाने विषयवार परिभाषा कोश काढले आहेत आणि ते संकेतस्थळावर पाहता येतात. मराठी विश्वकोशाचा एक अख्खा खंड परिभाषासंग्रहाला दिलेला आहे. केंद्राच्या वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोगाचे काम १९६१ पासून चालू आहे. अडचण आज उलटी आहे. शब्द पुष्कळ आहेत आणि त्यांचे आपसात जमत नाही.

त्यात हिंदी शब्दसूचीतून उचलेगिरी झाली, की गंमत वाढते. हिंदीत 'शारीरिक शिक्षा' म्हणजे व्यायाम-खेळाचा विषय. तोच शब्द मराठी प्रबंधात जसाच्या तसा आला, तर शाळेत छडी चालते असा अर्थ होतो. अपूर्णांकाच्या खालच्या अंकाला हिंदी पुस्तक 'हर' म्हणते, आपल्या मुलांना 'छेद' कळतो. 'न्यादर्श' हा शब्द भारदस्त वाटतो म्हणून घेतला जातो, पण मराठीत 'नमुना' म्हटले की सगळ्यांना समजते आणि 'नमुना निवड' हा पुढचा शब्दही त्यातूनच सहज तयार होतो.

शब्द निवडताना हा पुढचा शब्द पाहणे फार उपयोगी पडते. कुठलीही संज्ञा प्रबंधात एकटी राहत नाही. तिचे विशेषण लागते, क्रियापद लागते, तिच्या शेजारी दुसऱ्या संज्ञा येतात. 'प्रमाण' या शब्दाचेच पाहा. शाळेच्या गणितात 'गुणोत्तर व प्रमाण' आहे. पुराव्यालाही आपण प्रमाण म्हणतो. संख्याशास्त्रात गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत ते दाखवणारे 'प्रमाण विचलन' आहे. मोठ्या गटावर तपासून पक्की केलेली चाचणी ही 'प्रमाणित चाचणी'. आणि चाचणी जे मोजायचे तेच मोजते का, या गुणाला शिक्षणशास्त्राची बरीच मराठी पुस्तके 'सप्रमाणता' म्हणतात. मग प्रबंधात असे वाक्य उभे राहते: 'प्रमाणित चाचणीची सप्रमाणता प्रमाण मानून प्रमाण विचलन काढले.' व्याकरणाने यात चूक नाही. पण दोनदा वाचूनही लेखिकेला काय म्हणायचे आहे ते कळत नाही.

सप्रमाणतेला पर्याय आहे 'वैधता'. त्यावर आक्षेप असा, की या शब्दाला कचेरीचा वास येतो: वैध परवाना, वैध मतपत्रिका. आक्षेप खरा आहे. पण एखाद्या प्रबंधात चाचण्या आणि विचलने भरपूर असतील, तर 'प्रमाण' हा शब्द तिथे आधीच चार कामे करत असतो. पाचवे काम त्याच्यावर न टाकता वैधता घेतलेली बरी. उलट मुलाखतींवर उभ्या असलेल्या, आकडे नसलेल्या प्रबंधात सप्रमाणता खुशाल वापरावी. एकच संज्ञा एका प्रबंधात योग्य आणि दुसऱ्यात अडचणीची ठरू शकते, आणि हे कोश सांगू शकत नाही.

काही शब्दांचा रोजचा अर्थच शास्त्रीय अर्थाच्या आड येतो. 'दोन गटांच्या मध्यमानांत सार्थक फरक आढळला' हे वाक्य अशा प्रबंधांत नेहमी दिसते. सामान्य वाचकाला सार्थक म्हटले की जन्माचे सार्थक आठवते, म्हणजे काहीतरी मोठे घडले असे वाटते. काही लेखक त्याऐवजी 'लक्षणीय' लिहितात. कोणता शब्द बरा, हे एका हिशेबातून दिसते.

समजा, अपूर्णांकांची चाचणी २५ गुणांची आहे. नव्या पद्धतीच्या गटाची सरासरी १४.९ आली, नेहमीच्या गटाची १४.२. दोन्हीकडे प्रमाण विचलन ४. प्रत्येक गटात ४०० मुले असतील, तर टी-मूल्य २.४७ च्या आसपास येते. ०.०५ या सार्थकता स्तरासाठी १.९६ पुरते, म्हणून फरक सार्थक ठरतो. त्याच सरासऱ्या, तेच विचलन, पण प्रत्येक गटात ३०च मुले असतील, तर टी-मूल्य ०.६८ वर येते आणि फरक सार्थक ठरत नाही. फरक दोन्ही वेळा ०.७ गुणांचाच आहे. बदलली ती फक्त मुलांची संख्या, म्हणजे 'हा फरक निव्वळ योगायोगाचा नसावा' असे म्हणण्याची आपली तयारी. पंचवीसात पाऊण गुणसुद्धा नसलेल्या फरकाला लक्षणीय म्हटले, तर वाचक सरळ फसतो, कारण त्यात लक्षात यावे असे काही नाही. 'सार्थक' निदान नवखा वाटतो, थांबवतो, व्याख्या मागतो. म्हणून तोच ठेवावा, पहिल्या प्रकरणात त्याची व्याख्या द्यावी आणि मग त्या प्रबंधात 'महत्त्वाचा' या अर्थाने तो शब्द एकदाही वापरू नये.

प्रबंधाच्या भाषेचा नियम प्रश्नावलीला मात्र लागू होत नाही. परदेशी श्रेणी मराठीत आणताना 'उलट भाषांतर' करतात: एकाने मराठी करायचे, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते पुन्हा इंग्रजीत न्यायचे, मग दोन्ही इंग्रजी मजकूर शेजारी ठेवून पाहायचे. रिचर्ड ब्रिस्लिन यांच्या १९७० च्या लेखापासून ही रीत रूढ झाली. तिच्यात एक खोट आहे. 'गणिताच्या तासिकेदरम्यान मी चिंताग्रस्त होतो' हे वाक्य इंग्रजीच्या इतके जवळ आहे, की परत नेणारा ते बिनचूक परत नेतो आणि भाषांतर उत्तीर्ण होते. सातवीतले मूल मात्र 'चिंताग्रस्त'पाशी अडखळते. 'गणिताच्या तासाला मला टेन्शन येतं' हे त्याला लगेच कळते. त्यामुळे उलट भाषांतरानंतरही पाच-सहा मुलांना विधान वाचायला देऊन 'याचा अर्थ तुझ्या शब्दांत सांग' असे विचारावे लागते. प्रकरणात 'चिंता' आणि प्रश्नावलीत 'टेन्शन' असे दोन शब्द चालतात, पण ते एकाच गोष्टीसाठी घेतले आहेत हे लिहून ठेवले पाहिजे.

हे लिहून ठेवण्याचे काम पहिल्या प्रकरणाच्या आधी सुरू व्हायला हवे. चार रकाने पुरतात: संकल्पना, ठरवलेला मराठी शब्द, तो कुठून घेतला, आणि टाळायचे शब्द. चौथा रकाना सहसा कोणी भरत नाही, आणि तोंडी परीक्षेत वाचवतो तो तोच. 'परिकल्पना'समोर 'गृहीतक, गृहीतकृत्य, अभ्युपगम' असे टाळायचे शब्द लिहिले, की प्रबंध पूर्ण झाल्यावर ते संगणकावर एकेक करून शोधता येतात.

शोधताना मराठी आपले रूप दाखवते. 'परिकल्पना' असा पूर्ण शब्द शोधला, तर 'परिकल्पनेचा' हाती लागत नाही, म्हणून 'परिकल्पन' एवढेच शोधावे. 'गृहीतक' शोधताना 'गृहितक' निसटते, कारण ऱ्हस्व-दीर्घाची ही चूक फार सर्रास होते. दोन्ही शोधावे लागतात. आधीच्या संशोधकांनी कोणते शब्द वापरले हे शोधगंगेवरच्या मराठी प्रबंधांत पाहता येते, पण तिथे जुने प्रबंध अनेकदा पानांच्या छायाप्रतींच्या किंवा युनिकोडपूर्व फाँटच्या रूपात असतात. शब्द टंकून काही मिळाले नाही, याचा अर्थ तो कोणी वापरला नाही असा होत नाही. अनुक्रमणिका उघडून डोळ्यांनीच वाचावे लागते.

मार्गदर्शकांचा आग्रह वेगळ्या शब्दाचा असेल, तर वाद घालण्यापेक्षा यादी त्यांच्यापुढे ठेवावी आणि काय ठरेल ते तारखेसह टिपून ठेवावे. 'नियंत्रित गट' हा शब्द अनेकांना खटकतो. त्या गटावर नियंत्रण वगैरे काही नसते, त्याला फक्त नवी पद्धत शिकवलेली नसते, आणि 'तुलना गट' म्हटले तर हे जास्त नीट कळेल. पण नियंत्रित गट इतका रुळला आहे, की तो बदलल्यास परीक्षकच चाचपडतील. अशा वेळी रुळलेला शब्द ठेवून कार्यात्मक व्याख्येत एका वाक्यात खुलासा करणे सोयीचे.

ही यादी बहुतेक प्रबंधांत नसतेच, आणि असलीच तर शेवटच्या परिशिष्टात, प्रश्नावलीच्याही मागे असते. तिथे ती ना परीक्षक पाहतात, ना पुढचा विद्यार्थी. २०२४ मध्ये रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. तिथल्या आणि इतर विद्यापीठांतल्या अभ्यास मंडळांनी मराठी प्रबंधाच्या नमुना आराखड्यात अनुक्रमणिकेनंतर लगेच दोन पाने या यादीसाठी राखून ठेवावीत.