सचिवांची साक्ष

विधान भवनात लोकलेखा समितीसमोर साक्ष चालते तेव्हा मंत्री तिथे नसतो. मंत्र्याला या समितीचं सदस्य होता येत नाही, आणि त्याला साक्षीला बोलावण्याचा प्रघातही नाही. उत्तरं द्यायची असतात विभागाच्या सचिवाला. मागच्या रांगेत फायली मांडीवर घेऊन उपसचिव आणि लेखाधिकारी बसलेले असतात. प्रश्न आमदार विचारतात, पण त्यांचं मूळ बहुधा महालेखाकारांच्या अहवालातल्या एखाद्या परिच्छेदात सापडतं. विभागाचा लेखी खुलासा आधीच आलेला असतो. त्या खुलाशात जे शिताफीने टाळलं गेलंय, ते सचिवाकडून वदवून घेणं हे समितीचं खरं काम.

अंदाज समितीचं काम थोडं वेगळं. योजनेसाठी धरलेला खर्च वाजवी आहे का, तेच काम कमी पैशांत झालं असतं का, हे ती पाहते. लोकलेखा समिती झालेल्या खर्चाचा हिशेब मागते. सभागृहाने मंजूर केलेली रक्कम आणि प्रत्यक्ष खर्च हे दोन्ही आकडे विनियोजन लेख्यांत शेजारी शेजारी छापलेले असतात. खर्च जास्त निघाला की समिती कारणं तपासते, आणि मग संविधानाच्या अनुच्छेद २०५ प्रमाणे तो जादा खर्च सभागृहाकडून नियमित करून घ्यावा लागतो. तोवर त्या पैशाला सभागृहाची मंजुरी नसते.

जादा खर्चाचं कारण विचारलं की ‘मार्चअखेर देयकं एकदम आली’ हे उत्तर ठरलेलं. नवखा सदस्य तिथेच थांबतो. मुरलेला सदस्य विचारतो, ‘मग पुरवणी मागणी का आणली नाही?’ आणि त्याहून अडचणीचा प्रश्न पुढे येतो: ‘खर्चाचा ताळमेळ कोणत्या महिन्यापर्यंत झाला होता?’ विभागाने आपल्या वहीतला खर्च महालेखाकारांकडच्या नोंदींशी दर महिन्याला जुळवायचा असतो. कोषागारातून आपल्या नावावर दुसरंच कुणी पैसे काढत असेल, तर ते या जुळवणीतच उघडं पडतं. ताळमेळ सहा महिने झालेला नसेल, तर आपल्या खात्यातून किती पैसे गेले हे विभागप्रमुखाला तेवढा काळ ठाऊकच नव्हतं, असा त्याचा सरळ अर्थ होतो.

हा प्रश्न न विचारल्याची किंमत बिहारने मोजली. तिथल्या पशुसंवर्धन विभागाचा खर्च नव्वदीच्या दशकात वर्षामागून वर्ष मंजूर तरतुदीच्या दुपटीहून जास्त होत होता. खोट्या पुरवठ्याच्या बिलांवर कोषागारं पैसे देत होती. जनावरं वाहून नेल्याची म्हणून जोडलेल्या बिलांतले काही वाहन क्रमांक चक्क स्कूटरचे निघाले. जादा खर्चाचा आकडा काही लपलेला नव्हता, लेख्यांत तो दिसत होता. तो पाहून सचिवाला समोर बसवणं ज्या समितीचं काम, तिच्याकडून ते झालं नाही. जानेवारी १९९६ मध्ये चाईबासा इथे उपायुक्त अमित खरे यांनी पशुसंवर्धन कार्यालयावर छापा घातला, तेव्हा चारा घोटाळ्याला वाचा फुटली. २०१३ मध्ये याच चाईबासा कोषागाराच्या खटल्यात दोषी ठरलेल्यांत जगदीश शर्मा होते. ते बिहार विधानसभेच्या लोकलेखा समितीचे माजी अध्यक्ष. समितीच्या रचनेतला सगळ्यात कच्चा दुवा इथे दिसतो: समितीने प्रश्न विचारले नाहीत, तर समितीला विचारणारं कुणी नसतं.

महाराष्ट्रात आता ‘बीम्स’ या संगणक प्रणालीवर तरतूद शिल्लक असल्याशिवाय देयक सहसा पुढे सरकत नाही. त्यामुळे चुकीची जागा बदलली आहे. तरतूद बुडू नये म्हणून मार्चमध्ये पैसे काढायचे आणि एखाद्या बँक खात्यात ठेवून द्यायचे, हा प्रकार लेखापरीक्षेत वारंवार सापडतो. कागदावर खर्च झालेला असतो, आकडेही जुळतात. रुग्णालयाचं यंत्र घेतल्याची नोंद असते आणि यंत्र खोक्यातच पडून असतं, कारण खोलीचं वायरिंग झालेलं नाही. अशा वेळी समितीने रकमेपेक्षा तारखा मागाव्यात, असं मला ठामपणे वाटतं. पैसे कधी काढले, पुरवठा आदेश कधी दिला, यंत्र कधी आलं, पहिला रुग्ण कधी तपासला, या चार तारखा ओळीने मांडल्या की लांबलचक खुलाशाची गरजच उरत नाही.

अडचण वेळेची आहे. लेखापरीक्षा, अहवाल, तो सभागृहात मांडणं, खुलासा आणि साक्ष यांत काही वर्षं निघून जातात. समोरचा सचिव ‘मी तेव्हा या विभागात नव्हतो’ म्हणतो आणि ते खरंही असतं. समितीला शिक्षा करता येत नाही. जबाबदारी निश्चित करून तीन महिन्यांत कळवावं, अशी शिफारस ती करते. तोपर्यंत ज्याची सही होती तो अधिकारी निवृत्त झालेला असतो, आणि घटनेला चार वर्षं उलटली असली की निवृत्तिवेतनाच्या नियमांप्रमाणे त्याच्यावर नव्याने विभागीय चौकशीही सुरू करता येत नाही.